मेयोनीज आणि दोन चमचे पाणी

आपल्या स्वयंपाकघरात तेल सुटणं ही शुभ खूण. वाटण परतताना कडेने तेल सुटलं की मसाला झाला, रश्शावर तर्री आली की जेवणाऱ्याचं मन भरलं. मेयोनीजच्या भांड्यात मात्र तेच तेल कडेला दिसू लागलं, की पुढच्या काही क्षणांत सगळं हातातून जाणार हे ओळखावं.

गेल्या मे महिन्यात भाच्याच्या वाढदिवसाला सँडविच करायची म्हणून मी घरी मेयोनीज करायला घेतलं. एका अंड्याचा पिवळा बलक, चिमूटभर मीठ, आणि वर धार धरून सूर्यफुलाचं रिफाइंड तेल. पाककृतीत लिहिलं होतं की लिंबाचा रस शेवटी, चवीपुरता घाला. थेंब थेंब तेल घालत फेटत गेले. पाऊण वाटी तेल जिरलं तेव्हा भांड्यात फिकट पिवळा, लोण्यासारखा दाट गोळा तयार झाला होता. आणखी थोडं तेल घातलं तर फेटणी त्यात उभी राहायला लागली. मला वाटलं, जमलं. उरलेलं तेल ओतलं, दोन फेरे फिरवले, आणि तो गोळा डोळ्यांदेखत पातळ झाला. वर पिवळं तेल, खाली रव्यासारखे कण. मी जोरजोरात फेटत राहिले, पण जितकं फेटावं तितकं तेल आणखी सुटत गेलं.

माझा मावसभाऊ पुण्यातल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये सॅलड आणि थंड पदार्थांच्या विभागात अनेक वर्षं काम करतो. तो संध्याकाळी आला तेव्हा भांडं तसंच ओट्यावर होतं. त्याने पाहिलं आणि विचारलं, "ताई, यात पाणी किती घातलंस?" मी म्हटलं, "पाणी कशाला घालू? पातळ होईल ना." तो म्हणाला, "पाणी नाही म्हणूनच फुटलंय." मग त्याने एक स्वच्छ वाडगा घेतला, त्यात दोन छोटे चमचे कोमट पाणी घातलं, आणि माझं फुटलेलं मेयोनीज आधी अर्धा अर्धा चमचा, मग चमचा चमचा करत त्यात फेटत नेलं. सात-आठ मिनिटांत सगळं परत पांढरटसर, चकचकीत आणि दाट झालं. नवं अंडं नाही, नवं तेल नाही. फक्त दहा मिलिलिटर पाणी.

दाट पदार्थ पाण्याने सुधारतो हे मला त्या दिवशी उलटंच वाटलं. पण मेयोनीज म्हणजे नेमकं काय हे समजलं की त्यात उलटं काहीच उरत नाही. फुटणं, टाळणं आणि दुरुस्त करणं या तिन्हींची किल्ली पाण्यातच आहे.

लोण्याच्या उलटा प्रवास

तेल आणि पाणी एकत्र घुसळलं तर क्षणभर मिसळल्यासारखं दिसतं आणि मग वेगळं होतं. त्यातल्या एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात तरंगत ठेवता आले, तर त्या मिश्रणाला इमल्शन म्हणतात. मराठी विज्ञानाच्या पुस्तकांत त्याला पायस असा शब्द आहे. अशी इमल्शनं आपल्या घरात रोज असतात. दूध हे त्यातलं सगळ्यात ओळखीचं. दुधात पाणी बाहेर असतं आणि त्यात स्निग्धांशाचे सूक्ष्म गोळे तरंगत असतात. प्रत्येक गोळ्याभोवती एक पातळ आवरण असतं, म्हणून ते एकमेकांत मिसळत नाहीत.

विरजलेली साय घुसळून आपण लोणी काढतो तेव्हा हेच आवरण मुद्दाम फोडत असतो. गोळे एकमेकांना चिकटतात, स्निग्धांश एकत्र येतो, आणि ताक वेगळं होतं. लोण्यात मांडणी उलटलेली असते. आता स्निग्धांश बाहेर असतो आणि पाण्याचे थेंब त्याच्या आत अडकलेले असतात. म्हणूनच लोणी पाण्यात टाकलं तर विरघळत नाही, नुसतं तरंगतं.

मेयोनीज करताना आपण याच्या बरोबर उलट दिशेने जातो. मोकळं तेल घ्यायचं, त्याचे बारीक थेंब करायचे, आणि ते थोड्याशा पाण्यात कोंबून बसवायचे. मेयोनीज कितीही लोण्यासारखं दिसलं तरी त्यात पाणी बाहेर आणि तेल आत असतं. याची खात्री घरीच करता येते. पाण्याच्या पेल्यात चमचाभर चांगलं मेयोनीज टाकून ढवळा, पाणी दुधासारखं पांढरं होतं. फुटलेलं टाका, तर तेलाचे तवंग वर येतात. आपलं मिश्रण फुटलंय की नुसतंच पातळ आहे अशी शंका आली, तर ही परीक्षा लगेच उत्तर देते.

बलकाचं काम

नुसत्या पाण्यात तेलाचे थेंब टिकत नाहीत, कारण दोन थेंब भेटले की एक मोठा थेंब होतो. त्यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहावं लागतं. हे काम बलक करतो. १८४० च्या दशकात पॅरिसमधले औषधशास्त्रज्ञ थिओडोर गोब्ले यांनी अंड्याच्या बलकातून फॉस्फरसयुक्त स्निग्ध द्रव्य वेगळं केलं. पुढे त्याला लेसिथिन हे नाव मिळालं, ते बलकाला असलेल्या ग्रीक शब्दावरूनच. लेसिथिनच्या रेणूचं एक टोक तेलात रमतं आणि दुसरं पाण्यात. त्यामुळे तो नेमका दोघांच्या सीमेवर जाऊन बसतो. बलकात हे द्रव्य प्रथिनांशी जोडलेल्या बारीक कणांच्या रूपात असतं, आणि ते कण तेलाच्या थेंबाला भिडले की उलगडून त्याच्याभोवती पापुद्रा धरतात.

हे काम किती मोठं आहे याचा एक साधा हिशोब करून पाहू. समजा, फेटून फेटून आपण तेलाचे १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे थेंब केले. मग एका मोठ्या चमच्यातल्या १५ मिलिलिटर तेलाचे जवळपास ३,००० कोटी थेंब होतात. त्या सगळ्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो सुमारे ९ चौरस मीटर भरतो, म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीची जवळपास सगळी फरशी. १८० मिलिलिटर तेलाचा पृष्ठभाग अकराशे-बाराशे चौरस फुटांच्या घराएवढा होतो. एवढ्या सगळ्या सीमेवर बलकाला पापुद्रा पसरवायचा असतो, आणि नवा थेंब दुसऱ्या थेंबाला भेटायच्या आत पसरवायचा असतो.

सुरुवातीला तेल थेंब थेंब का घालायचं, याचं कारण इथे आहे. आरंभी भांड्यात बलक पातळ असतो आणि फेटणीची तार तेलाच्या मोठ्या थेंबाला नुसती ढकलते, फोडत नाही. अशा वेळी चमचाभर तेल एकदम पडलं तर थेंब झाकले जाण्याआधीच एकमेकांत मिसळतात. पहिले दोन-तीन चमचे तेल नीट बसलं की मिश्रण दाट होतं. मग दाटपणाच मदतीला येतो, कारण घट्ट मिश्रणात फेटणीचा ताण नव्या थेंबापर्यंत पोहोचतो आणि तो चिरडला जातो. त्यानंतर बारीक धार चालते. घाई पहिल्या दोन मिनिटांत नडते.

मिठाचाही यात हात आहे. बलकात प्रथिनांचे काही घट्ट पुंजके असतात. मीठ घालून बलक दहा-पंधरा मिनिटं ठेवला तर ते पुंजके सुटतात, बलक थोडा पारदर्शक आणि चिकट होतो, आणि पापुद्रा धरायला जास्त सामग्री मोकळी होते. म्हणून मीठ शेवटी चवीला न घालता सुरुवातीलाच घालावं. मोहरीही नुसती चवीपुरती नसते. लोणच्यासाठी फेसतो तशी थोड्या पाण्यात फेसलेली मोहरी चिकट द्रव सोडते आणि तिची बारीक पूड थेंबांमध्ये अडसर होते. बाटलीतला मस्टर्ड सॉस वापरला तरी तेच काम होतं.

संत्र्यांची रास आणि ९० टक्के तेल

आता माझं मेयोनीज का फुटलं त्याकडे येऊ. बलक कमी पडला असं मला वाटलं होतं. बहुतेकांना तसंच वाटतं, आणि म्हणून दुरुस्तीला पहिला हात नव्या अंड्याकडे जातो. पण बलकातलं पापुद्रा धरणारं द्रव्य सहसा संपत नाही. हॅरल्ड मॅगी यांनी 'ऑन फूड अँड कुकिंग' या स्वयंपाकाच्या शास्त्रावरच्या प्रसिद्ध ग्रंथात हाच मुद्दा मांडला आहे. पाणी पुरवत राहिलं तर एका बलकात वाटीभर नव्हे, कित्येक लिटर तेल सामावता येतं. आधी संपतं ते पाणी.

मंडईत फळवाला संत्री रचतो ते आठवा. एकसारखी गोल संत्री कितीही नीट रचली तरी मध्ये पोकळी राहतेच. गणिताने सिद्ध झालं आहे की सारख्या आकाराचे गोळे जागेचा साधारण ७४ टक्केच भाग भरू शकतात, उरलेला सुमारे २६ टक्के भाग मोकळा राहतो. मेयोनीजमध्ये ही मोकळी जागा म्हणजे पाणी. तेलाचे थेंब लहानमोठे असतात, म्हणून लहान थेंब फटींत बसतात आणि प्रमाण थोडं वर जाऊ शकतं. त्यानंतर थेंब एकमेकांवर दाबले जाऊन चपटे होतात. पाणी आणि तेल दोन्ही वाहणारे पदार्थ असूनही मेयोनीज चमच्यावर उभं राहतं, ते या दाटीवाटीमुळे. गर्दीच्या लोकलमध्ये कुणाला हलता येत नाही, तसे थेंब एकमेकांना हलू देत नाहीत.

माझ्या भांड्यात काय झालं ते आकड्यांत पाहू. आपल्याकडच्या अंड्याचा बलक साधारण १६ ग्रॅमचा असतो आणि त्यात जवळपास अर्धं, म्हणजे ८ ग्रॅम, पाणी असतं. लिंबाचा रस मी शेवटासाठी राखून ठेवला होता. म्हणजे भांड्यात बलकाशिवाय दुसरा ओलावा नव्हता. तेल १५० मिलिलिटरवर गेलं तेव्हा सगळ्या मिश्रणात तेलाचा वाटा ९० टक्क्यांवर पोहोचला होता. थेंबांमध्ये पाण्याचा पापुद्रा इतका ताणला गेला की फेटणीच्या एका फेऱ्यात तो फाटला. दोन थेंब एक झाले, त्या धक्क्याने शेजारचे फुटले, आणि क्षणात मांडणी उलटली. तेल बाहेर आलं, बलकाचं पाणी कणांच्या रूपात आत अडकलं. मी फेटत राहिले तेव्हा माझ्या हाताने लोणी काढण्याचंच काम चाललं होतं.

फुटण्यापूर्वी मिश्रण इशारे देतं. पहिला इशारा म्हणजे घट्टपणा. फेटणी फिरवायला जोर लागू लागला आणि मिश्रण तारांच्या आत गोळा होऊन बसलं, की पाणी संपत आलं असं समजावं. दुसरा इशारा चमकेचा. निरोगी मेयोनीजला साटिनसारखी मऊ चमक असते. फुटायला आलेल्यावर ओली, तेलकट चकाकी येते. तिसरा इशारा भांड्याच्या कडेला दिसतो, मोहरीएवढे तेलाचे मणी किंवा फेटणीच्या रेघांत साचलेलं तेल. इथवर अजून काही बिघडलेलं नसतं. तेल थांबवायचं, छोटा चमचाभर पाणी किंवा लिंबाचा रस घालायचा आणि फेटायचं. मिश्रण सैल होऊन पुन्हा मऊ दिसू लागलं की तेल परत सुरू करायचं.

एका बलकाचं प्रमाण

मावसभावाने दिलेलं प्रमाण मी आता नेहमी वापरते. एका बलकाला पाव छोटा चमचा मीठ, छोटा चमचाभर मस्टर्ड, एक मोठा चमचा लिंबाचा रस किंवा व्हिनेगर, दोन छोटे चमचे पाणी, आणि १८० मिलिलिटर तेल. ओलावा धरणारा भाग साधारण ४६ मिलिलिटर होतो आणि तेलाचा वाटा ८० टक्क्यांच्या आसपास येतो. इतकं तेल घट्टपणाला पुरेसं असतं आणि थेंबांना श्वास घ्यायला जागाही राहते.

जड बुडाचा, खोलगट वाडगा घ्यावा आणि तो ओल्या फडक्यावर ठेवावा, म्हणजे एक हात तेल ओतायला मोकळा राहतो. बलक, मीठ आणि मस्टर्ड फेटून दहा मिनिटं ठेवावं. मग निम्मा लिंबाचा रस आणि निम्मं पाणी घालावं. सगळं एकदम घातलं तर सुरुवातीचं मिश्रण फार पातळ होतं आणि थेंब नीट चिरडले जात नाहीत. पहिले दोन मोठे चमचे तेल खरोखर थेंबांनी घालावं आणि प्रत्येक वेळी तेल पूर्ण दिसेनासं झाल्यावरच पुढचं घालावं. रंग फिकट झाला आणि फेटणीची रेघ क्षणभर टिकू लागली की धार धरावी. निम्मं तेल संपलं की उरलेला रस आणि पाणी गरजेप्रमाणे घालत जावं. फ्रीजमधलं अंडं असेल तर अर्धा तास आधी बाहेर काढावं. गार बलक आणि गार तेल दाट असतात, थेंबांवर पापुद्रा पसरायला वेळ लागतो.

हँड ब्लेंडर असेल तर उंच, अरुंद भांड्यात हे काम एका मिनिटात होतं. बलक आणि ओलावा तळाशी, वर सगळं तेल, आणि ब्लेंडर तळाला टेकवून सुरू करायचा. पाती आधी बलकाला भिडतात आणि तेल वरून हळूहळू ओढलं जातं, म्हणजे थेंब थेंब घालण्याचं काम यंत्र स्वतःच करतं. भांडं रुंद असेल तर तेल एकदम पातीकडे धावतं आणि मिश्रण बसत नाही. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात एका बलकाने हा प्रयोग करू नये, कारण बलक पात्यांखालीच राहतो.

तेल कोणतं, हाही प्रश्न येतो. सूर्यफूल किंवा सोयाबीनचं रिफाइंड तेल सगळ्यात निर्धोक. घाण्याच्या तेलात मूळचे काही अंश राहिलेले असतात. त्यातले काही पापुद्र्यात घुसून बलकाला बाजूला सारतात, त्यामुळे केलं तेव्हा उत्तम दिसणारं मेयोनीज काही तासांनी सुटू शकतं. ऑलिव्ह तेल ब्लेंडरमध्ये कडवट होतं. खोबरेल तर घेऊच नये. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि गोठलेल्या तेलाचे स्फटिक पापुद्रे आतून फोडतात.

तीन तऱ्हेचं फुटणं, तीन उपाय

मेयोनीज फुटलं म्हणजे त्यातलं काही नष्ट झालं असं नाही. तेल तेच, बलक तोच, फक्त जागा बदलल्या आहेत. त्यामुळे दुरुस्तीचं तत्त्व एकच आहे. नव्या भांड्यात आधी ओलावा ठेवायचा आणि फुटलेलं मिश्रण हे जणू तेलच आहे असं समजून त्यात थोडं थोडं घालायचं. जुन्या भांड्यात वरून पाणी ओतून फेटलं तर सहसा जमत नाही, कारण तिथे तेल बाहेर आहे आणि पाणी त्याच्या आत जाऊन अडकतं. सुरुवात पाण्यापासूनच व्हावी लागते.

पहिली तऱ्हा माझी. मिश्रण आधी दाट झालं आणि शेवटी फुटलं. यात बलकाचं काम झालेलं आहे, फक्त पाणी संपलं आहे. दोन छोटे चमचे कोमट पाणी नव्या वाडग्यात घ्यावं, त्यात फुटलेल्यातलं अर्धा चमचा घालून फेटावं. ते दुधाळ झालं की पुढचं अर्धा चमचा. तीन-चार चमचे बसले की वेग वाढवता येतो. माझ्या भांड्यात भावाने १० मिलिलिटर पाणी आणि शेवटी राहिलेला मोठा चमचाभर लिंबाचा रस घातला. तेलाचा वाटा ९० वरून ७९ टक्क्यांच्या जवळ उतरला आणि मेयोनीज उभं राहिलं.

दुसऱ्या तऱ्हेत मेयोनीज कधी बसतच नाही. तेल लवकर किंवा जास्त पडलेलं असतं, मिश्रण कढीसारखं पातळ राहतं आणि थांबलं की थर वेगळे होतात. इथे भांडं दहा मिनिटं स्वस्थ ठेवावं. तेल वर येतं, ते अलगद दुसऱ्या वाटीत काढून घ्यावं. खाली बलकाचा जो थर राहतो तोच पुन्हा आरंभ म्हणून वापरावा, आणि काढलेलं तेल या वेळी खरोखर थेंब थेंब घालावं. थर वेगळा करता आला नाही, तर एक नवा बलक आणि छोटा चमचा पाणी घेऊन त्यात सगळं मिश्रण हळूहळू फेटत न्यावं. नवा बलक इथे उपयोगी पडतो, कारण तो पुरेसा दाट असतो आणि थेंब चिरडायला पकड देतो. नव्या बलकामुळे पुढे थोडं जास्त तेल लागेल हे लक्षात ठेवावं.

तिसरी तऱ्हा फ्रीजमधली. मेयोनीज फ्रीझरमध्ये गेलं तर पाण्याचा बर्फ होतो, थेंब एकमेकांवर चेपले जातात आणि बाहेर काढल्यावर तेल सुटतं. साध्या फ्रीजमध्येही ऑलिव्ह किंवा शेंगदाण्याचं तेल दाटून स्फटिक धरू शकतं, आणि नंतर ढवळलं की फुटतं. असं मेयोनीज ताजं असेल तरच पाण्याच्या उपायाने परत जुळवावं. किती दिवसांचं आहे हे आठवत नसेल तर टाकून द्यावं. त्यामागचं कारण फुटण्यापेक्षा गंभीर आहे.

कच्च्या बलकाची जोखीम

कच्च्या अंड्यात साल्मोनेला जंतू असू शकतात, कवचावर आणि क्वचित आतही. लिंबू किंवा व्हिनेगरचा आंबटपणा त्यांना आवर घालतो, पण घरगुती प्रमाणात तो पुरेसा असेलच याची हमी नाही. बाहेरच्या टेबलावर तासन्‌तास ठेवलेल्या मेयोनीजमध्ये जंतू वाढायला वाव मिळतो. मोमो, शोरमा आणि ग्रिल्ड चिकनबरोबर दिल्या जाणाऱ्या कच्च्या अंड्याच्या मेयोनीजमुळे विषबाधेच्या घटना घडल्यावर केरळने जानेवारी २०२३ मध्ये, तेलंगणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने एप्रिल २०२५ मध्ये त्यावर बंदी आणली. बाजारात बाटलीत मिळणारं अंड्याचं मेयोनीज पाश्चराइज केलेल्या बलकाचं असतं, म्हणून त्याची गोष्ट वेगळी.

घरी जोखीम टाळायची असेल तर बलक आधी तापवता येतो. एका बलकाला एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि एक मोठा चमचा पाणी मिसळून छोट्या पातेल्यात अगदी मंद आचेवर सतत ढवळत राहावं. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर ७१ अंश सेल्सिअस दिसताच उतरवावं, नसेल तर मिश्रण दाटून एखाद-दुसरा बुडबुडा आला की उतरवावं. नुसता बलक या तापमानाला गोठला असता. आंबट पाण्यात पातळ झाल्यामुळे तो मऊ राहतो. पातेलं गार पाण्यात ठेवून चार-पाच मिनिटं थंड करावं आणि मग मीठ, मस्टर्ड घालून नेहमीप्रमाणे तेल फेटावं. जंतू मारण्यासाठी घातलेलं हेच पाणी पुढे थेंबांमध्ये उभं राहतं, म्हणून असं मेयोनीज कच्च्या बलकाच्या मेयोनीजपेक्षा फुटायलाही अवघड असतं.

लहान मुलं, गरोदर स्त्रिया, वृद्ध किंवा आजारी माणसं जेवायला असतील तेव्हा तापवलेल्या बलकाचंच मेयोनीज करा. कच्च्या बलकाचं करायचंच असेल तर ताजी, न तडकलेली अंडी घ्या, लागेल तेवढंच करा, लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. आणि फेटताना हात जड झाला, कडेला तेलाचा पहिला मणी दिसला, की तेलाची बाटली खाली ठेवून छोटा चमचाभर पाणी घाला.